अवलंबित्व गुणोत्तर म्हणजे काय? जपानचा आकडा काय सांगतो?

१५ ते ६४ या वयातल्या दर १०० लोकांमागे १४ वर्षांपर्यंतची मुलं आणि ६५ किंवा त्याहून जास्त वयाचे ज्येष्ठ मिळून किती, या आकड्याला अवलंबित्व गुणोत्तर म्हणतात. कमावत्या वयातल्या लोकांवर किती जणांचा भार आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

आकडा सारखाच, पण...

१९५० मध्ये जपानमधल्या दर १०० माणसांपैकी सुमारे ३५ मुलं, ५ ज्येष्ठ आणि ६० जण कमावत्या वयाचे होते. म्हणजे गुणोत्तर ४० भागिले ६०, शेकड्यात सुमारे ६७. २०२० मध्ये ते सुमारे ६८ होतं. वरवर पाहता ७० वर्षांत फारसं काही बदललं नाही.

पण २०२० मध्ये मुलं जेमतेम १२ टक्के होती आणि ज्येष्ठ जवळपास २९ टक्के. फक्त ज्येष्ठांचा हिशेब केला, तर १०० कमावत्या वयाच्या लोकांमागे १९५० मध्ये ८ ज्येष्ठ होते, २०२० मध्ये ४८. मुलांचा खर्च बहुतांशी घरातून होतो आणि काही वर्षांनी तीच मुलं कमावू लागतात. ज्येष्ठांच्या पेन्शन आणि उपचारांचा मोठा भाग मात्र सार्वजनिक तिजोरीतून जातो. म्हणून एकूण आकड्यासोबत त्याचे दोन भागही वेगळे पाहावे लागतात.

पेन्शनचं काय झालं?

जपानमध्ये आजच्या कामगारांच्या वर्गणीतूनच मुख्यतः आजच्या ज्येष्ठांना पेन्शन मिळते. देणारे घटले आणि घेणारे वाढले, तर वर्गणी वाढवावी लागते किंवा पेन्शन कमी करावी लागते. २००४ च्या सुधारणेत दोन्ही केलं गेलं. नोकरदारांची वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढवून २०१७ मध्ये पगाराच्या १८.३ टक्क्यांवर थांबवली. त्यातली निम्मी मालक भरतो. शिवाय महागाई किंवा वेतन वाढलं तरी पेन्शन त्यापेक्षा थोडी कमी वाढेल, अशी तरतूद झाली. पण किमती घसरत असताना ही कपात लागू होत नसल्यामुळे अनेक वर्षं ती वापरताच आली नाही.

आरोग्यसेवा

म्हातारपणी औषधांइतकीच रोजच्या देखभालीची गरज असते. हा भार एकट्या कुटुंबावर पडू नये म्हणून २००० मध्ये सक्तीचा देखभाल विमा आला. त्याचा हप्ता चाळिशीपासून भरावा लागतो. तरी पैशाने माणसं उभी राहत नाहीत. देखभाल करणारेही त्याच आटणाऱ्या कमावत्या पिढीतून मिळवावे लागतात.

गुणोत्तराच्या मर्यादा

हा आकडा वय मोजतो, काम नाही. विशीतला विद्यार्थी त्यात कमावता ठरतो, तर ६८ व्या वर्षी दुकान चालवणारी बाई अवलंबित. जपानमध्ये ६५ च्या पुढचे सुमारे एक चतुर्थांश लोक काम करतात. भारतात ज्येष्ठांची गणना बहुधा ६० पासून होते, त्यामुळे दोन देशांची तुलना करताना आधी वयाची रेषा कुठे आखली आहे ते पाहावं.