शंकेचे फोटो आधी

२०१८च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो टिपले. त्यांत वाघाचे फोटो होते ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. भागाकार करून पाहिला, तर साधारण ४५५ फोटोंमागे वाघाचा एक फोटो येतो. बाकी चितळ, सांबर, रानडुकरं आणि जंगलातली इतर मंडळी.

आता या ढिगातून वाघ हुडकणारा डिटेक्टर तयार करायचा आहे असं धरू. डिटेक्टर म्हणजे फोटोत प्राणी कुठे आहे ते चौकट आखून दाखवणारा आणि तो कोणता ते सांगणारा प्रोग्रॅम. हे त्याला शिकवण्यासाठी आधी माणसाला तेच काम करून दाखवावं लागतं. फोटो उघडायचा, प्राण्याभोवती चौकट आखायची, नाव निवडायचं, पुढचा फोटो घ्यायचा. या क्षेत्रात याला लेबलिंग म्हणतात. ‘इमेजनेट’ या प्रसिद्ध चित्रसंग्रहासाठी २०१२ साली अशा चौकटी आखून घेतल्या, तेव्हा एक चौकट आखायला साधारण २५ सेकंद लागत होते. ती नीट बसली का आणि फोटोतली एखादी वस्तू सुटली का, हे तपासण्याचा वेळ मिळवला की ४२ सेकंद.

वाघाचे निदान दोनशे नमुने हवेत आणि फोटो हाताला लागतील तसे घेतले, तर सुमारे ९१,००० फोटो पाहावे लागतील. नुसता फोटो उघडून पुढे जायला पाच सेकंद धरले तरी सव्वाशे तास झाले. त्यातला बहुतेक वेळ चितळं बघण्यात जाणार. दोन-तीन हजार चितळं पाहिल्यावर डिटेक्टरला चितळ पक्कं कळलेलं असतं. त्यापुढचं प्रत्येक चितळ म्हणजे माणसाची फुकट गेलेली मेहनत.

ही मेहनत वाचवण्याच्या पद्धतीला ‘अ‍ॅक्टिव्ह लर्निंग’ म्हणतात. कल्पना अशी, की थोड्या फोटोंवर शिकलेल्या कच्च्या डिटेक्टरलाच उरलेला ढीग दाखवायचा आणि तो जिथे अडखळेल तेवढेच फोटो माणसापुढे ठेवायचे. १९९४ साली डेव्हिड लुईस आणि विल्यम गेल या संशोधकांनी मजकुराचं वर्गीकरण करताना हे करून पाहिलं, तेव्हा काही ठिकाणी हाताने वर्गीकरण करायच्या मजकुराचं प्रमाण पाचशे पटींपर्यंत घटलं होतं. फोटोंचं काम जास्त गुंतागुंतीचं आहे, पण मूळ युक्ती तीच.

डिटेक्टर अडखळला हे कळतं कसं? तो प्रत्येक चौकटीबरोबर ० ते १ मधले आकडे देतो. एका फोटोत तो ‘चितळ ०.९७’ म्हणाला, तर तिथे त्याला शंका नाही. दुसरा फोटो रात्रीचा आहे. इन्फ्रारेड फ्लॅशमुळे तो काळा-पांढरा आला आहे आणि गवतातून जनावराची फक्त मागची बाजू दिसते आहे. तिथे तो ‘वाघ ०.४४, बिबट्या ०.४१’ म्हणतो. रंग गेलेला, पट्टे की ठिपके ते गवताच्या सावल्यांत मिसळलेलं. दोन नावांत फरक अवघा ०.०३. पहिल्या फोटोचं लेबल डिटेक्टरला काहीच नवं शिकवत नाही. दुसऱ्याचं लेबल मात्र नेमकी ती सीमारेषा दाखवतं जिथे तो गोंधळला आहे. म्हणून पहिल्या दोन नावांतलं अंतर जितकं कमी, तितका फोटो रांगेत पुढे.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. आकडे मी समजायला सोपे घेतले आहेत. समजा, एका जंगलातून ५०,००० फोटो आले आहेत. वरच्या प्रमाणाने त्यांत वाघाचे असतील शंभर-सव्वाशे. पहिलं काम म्हणजे चिठ्ठ्या टाकून १,००० फोटो बाजूला काढणं. त्यांना लेबल लावायचं, पण ते डिटेक्टरला शिकवायला कधीही वापरायचे नाहीत. ही त्याची परीक्षा. मात्र या हजारांत वाघ निघतील जेमतेम दोन, आणि दोन वाघांवरून परीक्षा होत नाही. म्हणून जुन्या संग्रहातले वाघ-बिबट्यांचे ओळख पटलेले शंभरेक फोटो वेगळ्या परीक्षेसाठी ठेवायचे. तेही अशा कॅमेऱ्यांचे, ज्यांचा एकही फोटो शिकवण्यात नाही. २०१८ साली सारा बिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ओळखीच्या ठिकाणी चांगली चालणारी यंत्रणा नव्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांवर बरीच घसरते. कारण ती प्राण्याबरोबर मागचं झाड आणि पाणवठाही पाठ करून बसते.

सुरुवातीच्या शिकवणीला आणखी ५०० फोटो चिठ्ठ्या टाकून घ्यायचे आणि त्यांत वाघ-बिबट्यांचे जुने १०० मिसळायचे. हे मिसळणं टाळून चालत नाही. ५०० फोटोंत एकच वाघ आला, तर डिटेक्टरला ‘वाघ’ नावाचं काही आहे याचाच पत्ता नसतो. ज्याची ओळखच नाही त्याच्याविषयी शंका तरी कशी येणार? मग फेऱ्या सुरू करायच्या. शिकवायचं, उरलेल्या सगळ्या फोटोंवर चालवायचं, सर्वांत शंकेचे २०० काढायचे, माणसाने लेबल लावायचं, पुन्हा शिकवायचं. अशा आठ फेऱ्या झाल्या की परीक्षेचे हजार आणि सुरुवातीचे सहाशे धरून ३,२०० फोटोंचं काम होतं. ४२ सेकंदांच्या हिशेबाने सुमारे ३७ तास. सगळ्या ५०,०००ना ५८३ तास लागले असते. आणि ३,२०० फोटो डोळे मिटून उचलले असते तर त्यांत वाघ असते सात.

कागदावर हे इतकं सरळ दिसतं. पहिल्या फेरीचे दोनशे फोटो उघडले की खरी अडचण समोर येते. कॅमेरा ट्रॅप एका हालचालीला सहसा लागोपाठ तीन-चार फोटो घेतो. वाऱ्याने हलणाऱ्या एका फांदीवर डिटेक्टर गोंधळला, तर तीच फांदी दोनशेपैकी साठ फोटोंत बसलेली सापडते. प्रत्येक फोटो शंकेचा खरा, पण शंका मात्र एकच. यावर उपाय आहे. एका कॅमेऱ्याच्या एका प्रसंगातून एकच फोटो घ्यायचा आणि शिवाय दिसायला सारखे फोटो एकत्र करून प्रत्येक गटातून थोडेच उचलायचे.

दुसरी अडचण बेरजेची. एका फोटोत अनेक चौकटी असतात, मग फोटोची शंका मोजायची कशी? सगळ्या चौकटींच्या शंकांची बेरीज केली, तर वीस चितळांचा कळप एकट्या वाघाच्या फोटोला नेहमी मागे टाकणार. इथे मी फोटोतली सर्वांत मोठी शंका तेवढी मोजेन. कळपच मोजायचे असतील तर बेरीजही योग्य ठरेल. हा निर्णय प्रश्न काय आहे त्यावर ठरतो.

तिसरी अडचण धुक्याची. लेन्सवर दव साचलेलं, फ्लॅशने सगळं पांढरंफटक झालेलं, कोपऱ्यात नुसती शेपटीसारखी रेघ. असे फोटो शंकेच्या रांगेत हमखास पुढे येतात, आणि वीस वर्षं जंगलात काढलेल्या माणसालाही ते ओळखता येत नाहीत. लेबल लावणाऱ्यासमोर ‘सांगता येत नाही’ असं बटण नसेल, तर तो काहीतरी नाव ठोकून देतो आणि चुकीचं लेबल नेमकं नाजूक सीमेवर जाऊन बसतं. ओळखण्याची चाचणी सोपी आहे. शंकेचे पन्नास फोटो दोन जणांना वेगवेगळे द्यायचे. त्यांचंच एकमेकांशी जुळत नसेल, तर शंका डिटेक्टरची नाही, फोटोची आहे.

या सगळ्यांहून गंभीर अशी एक गोष्ट या पद्धतीच्या मुळातच आहे. गवतात दबून बसलेला वाघ डिटेक्टरला दिसलाच नाही, तर तो चौकटच आखत नाही. चौकट नाही म्हणजे आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणजे शंकाही नाही. तो फोटो ‘रिकामा’ ठरून रांगेच्या तळाशी जातो आणि माणसाच्या डोळ्यांपुढे कधी येतच नाही. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या तरी डिटेक्टर तीच चूक तितक्याच खात्रीने करत राहतो. याला दोन गोष्टी कामी येतात. एक म्हणजे लागोपाठच्या तीन फोटोंकडे एकत्र पाहणं. पहिल्यात आणि तिसऱ्यात वाघ असून मधल्यात काहीच नसेल, तर तो मधला फोटो माणसाकडे जायलाच हवा. दुसरी म्हणजे दर फेरीतले दोनशेच्या दोनशे शंकेचे न घेता दीडशे शंकेचे आणि पन्नास चिठ्ठ्या टाकून घेणं. काम घाईत असलं की हे पन्नास आधी कापले जातात. ते कापू नयेत असं मला ठामपणे वाटतं, कारण डिटेक्टरला स्वतःची जी चूक माहीत नाही ती सापडण्याची ही एक वाट उघडी राहते.

थांबायचं कधी, हे परीक्षेचे फोटो सांगतात. दर फेरीनंतर वाघांपैकी किती सापडले आणि किती वेळा खोटाच वाघ दाखवला, हे लिहून ठेवायचं. लागोपाठ दोन-तीन फेऱ्यांत हे आकडे हलले नाहीत, की पुढच्या लेबलांतून फारसं काही मिळत नाही. पद्धतीचा खरोखर उपयोग झाला का, हे पाहायचं असेल, तर तेवढेच फोटो निव्वळ चिठ्ठ्यांनी निवडून दुसरा डिटेक्टर शिकवावा आणि दोघांची एकाच परीक्षेवर तुलना करावी. कधी कधी फरक अगदी थोडा निघतो, आणि तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा.

मोठा फरक पडल्याचं ठळक उदाहरण टांझानियातल्या सेरेनगेटीचं आहे. तिथल्या २२५ कॅमेऱ्यांच्या ३२ लाख फोटोंना हजारो स्वयंसेवकांनी लेबलं लावली होती. मोहम्मद सादेघ नोरुझादेह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फक्त १४,१०० लेबलांत तितकीच अचूकता गाठता येते. म्हणजे साडेनव्याण्णव टक्के काम वाचलं. पण ही सगळी बचत फोटो निवडण्याच्या युक्तीची नव्हती. प्राण्याचं नाव न सांगता नुसती चौकट आखणारा तयार डिटेक्टर त्यांनी आधी वापरला, त्यामुळे रिकामे फोटो गळले आणि प्राणी पार्श्वभूमीतून कापून वेगळे झाले. दुसऱ्या फोटोंवर आधीच शिकलेलं ज्ञानही हाताशी होतं. या दोन्हींच्या जोडीला नेमकी निवड आली, तेव्हा तो आकडा गाठता आला.

हे काम तुम्ही करणार असाल, तर प्रत्येक फोटोपुढे तो शंकेमुळे आला, चिठ्ठीने आला की जुन्या संग्रहातून आला, हे पहिल्या दिवसापासून नोंदवून ठेवा. शंकेच्या ढिगात वाघ दाटीने भरलेले असतात. त्या ढिगावरून जंगलात वाघाचं प्रमाण किती, हे कधीही काढू नका. ते प्रमाण चिठ्ठीच्या फोटोंवरूनच काढायचं असतं.