शाळेत लेखक बोलावताय? दीड तासाच्या कार्यक्रमाची तयारी पंधरा दिवस आधीच करावी लागते

कोथरूडमध्ये आणि आसपास मराठीत लिहिणारी बरीच मंडळी राहतात. चांदणी चौक ओलांडला की भूगाव, पिरंगुट, पौड. म्हणजे मुळशीतल्या शाळांना लेखक काही लांब नाही. तरी शाळेत लेखक आला की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, तीन जणांची भाषणं, आणि शेवटी लेखकाला वीस मिनिटं. तोवर मुलं पाय अवघडून बसलेली असतात. "कुणाला काही प्रश्न?" असं विचारलं की सगळं शांत.

यात मुलांचा दोष नाही. ज्या माणसाचं एक पानही वाचलेलं नाही, त्याला विचारणार तरी काय? भेट चांगली होते की वाया जाते, हे पाहुणा येण्याआधीच्या पंधरा दिवसांत ठरतं. उदाहरण म्हणून असं धरू, की पौड भागातली जिल्हा परिषदेची शाळा आहे, पाचवी ते सातवीची मिळून ४५ मुलं आहेत आणि कोथरूडहून एक बाललेखिका येणार आहे.

तारीख कोणती धरायची?

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दोन तारखांना सगळ्या शाळा-कॉलेजांना लेखक हवा असतो. १४ ते २८ जानेवारीच्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यातही तसंच. त्या दिवशी लेखिका मिळाली तरी घाईत असते, कारण पुढे आणखी एक कार्यक्रम असतो. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एखादा शनिवार बरा. पाऊस संपलेला असतो, बरीचशी भातकापणी उरकलेली असते आणि स्नेहसंमेलनाची गडबड सुरू झालेली नसते. पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' असतोच, त्यामुळे तासांची ओढाताणही होत नाही.

लेखिकेचा नंबर नसेल तर तिचं पुस्तक उघडावं. सुरुवातीच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता आणि फोन छापलेला असतो. प्रकाशकाला सांगितलं की निरोप पोचतो. निदान महिनाभर आधी पत्र द्यावं. त्यात मुलं किती, कितवीची, वेळ किती आणि मुलं कोणतं पुस्तक वाचून बसणार आहेत, हे लिहावं. मानधन आणि गाडीखर्च काय देता येईल तेही स्पष्ट लिहावं. "तुम्ही या, मग बघू" यात दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. शाळेकडे पैसे नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधी ठरवून घ्यावं आणि जमेल तेवढा आकडा पत्रात टाकावा. नाही म्हणायचं की हो, हे मग लेखिका ठरवेल.

भूगाव आणि पिरंगुटला रस्ता कधी तुंबेल याचा नेम नाही. अकराचा कार्यक्रम असेल तर साडेदहाला पोचायला सांगावं. आल्या आल्या चहा द्यावा आणि अर्धा तास शाळा बघू द्यावी.

आधी वाचन, मग भेट

४५ मुलांना ४५ पुस्तकं घेणं शाळेला परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती घ्याव्यात. नऊ-नऊ मुलांचे पाच गट करावेत, रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटं द्यावीत. गटातल्या एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, दुसऱ्या दिवशी वाचणारा बदलायचा. लहान पुस्तक असेल तर दहा दिवसांत सहज संपतं. जो अडखळत वाचतो त्याचीही गोष्ट पुरी होते.

एक पथ्य पाळावं. पुस्तकाचे फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकू नयेत आणि अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्सही काढू नये. ज्या लेखिकेला आपण बोलावतो, तिच्या पुस्तकाची फुकट नक्कल तिच्याच समोर धरायची, हे बरं दिसत नाही. फोनवर वाचायचंच असेल तर रीतसर मोकळं ठेवलेलं पुष्कळ आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक kishor.ebalbharati.in वर आहेत. बऱ्याच बाललेखकांनी 'किशोर'मध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे आपल्या पाहुणीचं नाव तिथं शोधून बघावं. storyweaver.org.in वरही मराठी गोष्टी मोफत वाचता येतात.

मुलांचे प्रश्न : तीन ढीग

वाचून झालं की प्रत्येक मुलाला दोन चिठ्ठ्या द्याव्यात आणि प्रश्न लिहायला सांगावं. चिठ्ठीवर नाव नको. सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून मुलांकडूनच त्यांचे तीन ढीग करून घ्यावेत.

पहिला ढीग : ज्याचं उत्तर पुस्तकात किंवा फोनवर मिळतं. "तुमचा जन्म कुठे झाला?" "किती पुस्तकं लिहिली?" यांची उत्तरं मुलांनीच शोधून एका कागदावर लिहायची. पाहुण्यांची ओळख त्यातूनच तयार होते आणि ती एक मुलगीच वाचून दाखवते.

दुसरा ढीग : ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येतं. "तुम्हाला लिहायला आवडतं का?" असा प्रश्न फेकून द्यायचा नाही, वळवायचा. "लिहिताना कंटाळा आला की काय करता?" असं केलं की उत्तर लांबतं आणि खरं येतं.

तिसरा ढीग : ज्याचं उत्तर फक्त हीच लेखिका देऊ शकते. हा ढीग सर्वात महत्त्वाचा, आणि तो पुस्तक वाचल्याशिवाय तयार होत नाही.

सरावासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्यावा. बनेश फेणे हा फुरसुंगीचा पोरगा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा. भागवत २००१ साली गेले, त्यामुळे त्यांना आता विचारता येत नाही. तरी "ते भेटले असते तर काय विचारलं असतं?" असा खेळ वर्गात घ्यावा. "तुमचा आवडता रंग कोणता?" हा प्रश्न कुणालाही विचारता येतो. "हा इतका चलाख पोरगा तुम्ही पुण्याच्या पेठेतला न घेता फुरसुंगीचा का घेतला?" हा मात्र फक्त भागवतांनाच. दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी फळ्यावर लिहिले की मुलांना फरक आपोआप कळतो.

तिसऱ्या ढिगात साधारण असे प्रश्न यायला हवेत :

- या गोष्टीतलं खरं किती आणि बनवलेलं किती?
- पहिल्यांदा लिहिलं तेव्हा शेवट हाच होता का? वेगळा असेल तर कोणता होता?
- या मुलाचं नाव कसं ठरलं?
- कोणतं पान सगळ्यात जास्त वेळा खोडलं?
- ही गोष्ट आधी कुणाला वाचून दाखवली? ते काय म्हणाले?
- चित्रं आधी झाली की मजकूर? चित्र पटलं नाही तर तुम्ही काय करता?
- आम्ही बोलतो तसं पुस्तकात का लिहीत नाहीत?

यातले दहा-बारा प्रश्न निवडून ते वेगवेगळ्या मुलांना वाटून द्यावेत. नाहीतर पुढच्या बाकावरचे तिघंच बोलतात. वाक्य पाठ करून घेऊ नये, मुलाने स्वतःच्या शब्दांत विचारावं. चार मुलं एकाच घोटलेल्या भाषेत विचारू लागली, की प्रश्न गुरुजींनी लिहून दिलेत हे पाहुण्याला लगेच कळतं.

दीड तास कसा वाटायचा?

पहिली-दुसरीची मुलं यात बसवू नयेत. त्यांच्यासाठी आधी वेगळी अर्ध्या तासाची गोष्ट ठेवावी. मोठ्यांसाठी असं वाटप चालतं :

पहिली १० मिनिटं स्वागत आणि ओळख. सत्कार एका फुलाने करावा. सरपंच, केंद्रप्रमुख आले तर त्यांनी मुलांसोबत बसून ऐकावं, भाषण नको.

मग १५ मिनिटं वाचन. लेखिकेनं मुलांनी न वाचलेली गोष्ट निवडावी, आणि शेवटाच्या थोडं आधी थांबावं.

पुढची १५ मिनिटं ती गोष्ट कशी झाली ते. खाडाखोडीची वही आणायला लेखिकेला आधीच सांगून ठेवावं. छापलेलं पान आणि त्याचंच खोडलेलं पान शेजारी दिसलं, की मोठी माणसंसुद्धा चुकत चुकत लिहितात हे वेगळं सांगावं लागत नाही.

२५ मिनिटं मुलांचं काम. २० मिनिटं प्रश्न. शेवटची ५ मिनिटं थांबलेल्या गोष्टीचा शेवट आणि निरोप.

सह्यांचा हिशेब आधी करावा. एका सहीला एक मिनिट धरलं तरी ४५ सह्यांना पाऊण तास जातो. त्यापेक्षा शाळेच्या पाच प्रतींवर आणि प्रत्येक गटाच्या एका कागदावर सही घ्यावी. पुस्तकविक्रीचं टेबल मांडायचं असेल तर शाळा सुटल्यावर, पालकांसाठी. ज्या मुलाकडे पैसे नाहीत, त्याला वर्गात ते जाणवू नये.

२५ मिनिटांत काय करून घ्यायचं?

दोन कामं पुरतात. पहिलं म्हणजे थांबलेल्या गोष्टीचा शेवट. प्रत्येक गटाने चार-पाच ओळी लिहायच्या. लेखिकेचा शेवट नंतर कळतो, पण 'बरोबर' शेवट असं काही ठरवायचं नाही.

दुसरं काम घरच्या शब्दांचं. आदल्या दिवशी प्रत्येक मुलाने आजी-आजोबांकडून एक असा शब्द आणायचा, जो शहरात ऐकू येत नाही. राब, खाचर, इरलं असे शब्द मुळशीत घराघरांत आहेत. मुलगा शब्द सांगेल आणि लेखिकेला समजावून देईल, मग गट त्या शब्दावर तीन वाक्यं लिहील. इथं पाहुणी ऐकते आणि पोरं शिकवतात. "आमची भाषा अशुद्ध आहे" असं समजून गप्प बसणारी मुलं या वेळी हमखास बोलतात. फक्त शिक्षकांनी मध्येच शब्द 'सुधारून' द्यायचा नाही.

झाल्यावर काय?

वेळ संपून राहिलेले प्रश्न आठवड्याभरात एका पाकिटातून लेखिकेला पाठवावेत, सोबत मुलांनी लिहिलेले शेवट. आणि महिन्याने ग्रंथालयाची नोंदवही उघडावी. त्या पाच प्रती किती मुलांनी घरी नेल्या, त्याच लेखिकेचं दुसरं पुस्तक कुणी मागितलं का, हे बघावं. त्या पानावर महिन्याभरात नवी नोंद नसेल तर पुढच्या वेळी सत्काराचा वेळ आणखी कमी करावा आणि वाचनाचे दिवस वाढवावेत.