शिट्टी मारणारी मोटर आणि नॉच फिल्टर

सीएनसी मशीनचे टेबल हलवणारी सर्व्हो मोटर मुकाट चालत असते. काम आणखी चपळाईने व्हावे म्हणून ड्राइव्हमधला वेग-नियंत्रणाचा गेन वाढवला जातो आणि मोटर एकाएकी शिट्टी मारू लागते. अशा वेळी आधी वेग बदलून पाहावा. वेगाबरोबर आवाजाची पट्टीही चढली-उतरली, तर दोष बहुधा असंतुलनाचा किंवा शाफ्ट एका रेषेत नसण्याचा असतो. पट्टी तीच राहिली, मोटर जागच्या जागी उभी असतानाही तोच सूर निघाला, तर संशय कपलिंगवर घ्यावा.

मोटर आणि बॉलस्क्रू यांना जोडणारे लवचीक कपलिंग शाफ्टमधला किरकोळ तिरकेपणा सांभाळून घेते. मात्र ते पिळले जाते आणि परत उलगडते. एका ठरावीक कंपनसंख्येला त्याची दोन्ही टोके परस्परविरुद्ध दिशेने डोलू लागतात. हाच अनुनाद.

समजा, हा अनुनाद ३०० हर्ट्झला आहे आणि भाराचे जडत्व मोटरच्या तिप्पट आहे. नेमका आकडा कळण्यासाठी गेन उतरवून मोटरला हळूहळू चढत्या कंपनसंख्येचा हलका टॉर्क देतात आणि एन्कोडरवर प्रतिसाद मोजतात. शिट्टीच्या सुरावरून काढलेला आकडा थोडा चुकू शकतो, कारण तो सूर नियंत्रकाच्या विलंबावरही ठरतो. टेबल या टोकाला आणि त्या टोकाला नेऊन मोजणी करणे फार मोलाचे, कारण जागेनुसार आकडा सरकतो.

मग टॉर्कच्या आज्ञेच्या वाटेवर नॉच फिल्टर बसवतात. तो ३०० हर्ट्झचा घटक, समजा, एक दशांशावर आणतो आणि दूरच्या कंपनसंख्या जवळपास तशाच जाऊ देतो. त्याची रुंदी किती ठेवायची, हा खरा निर्णय. अरुंद खाच जराशा बदलाने चुकते. मध्यम रुंदीची खाचसुद्धा, अनुनाद ३३० हर्ट्झवर सरकला तर, तो घटक एक पंचमांशापर्यंतच दाबते. उलट रुंदी वाढवली की खालच्या कंपनसंख्यांना विलंब होतो. वेग-नियंत्रण ६० हर्ट्झपर्यंत काम करत असेल, तर मध्यम खाच तिथे साधारण ११ अंश कला खाते आणि दुप्पट रुंद खाच सुमारे २०. तेवढे अंश स्थैर्याच्या राखीव साठ्यातून जातात. म्हणून फिल्टर बसवल्यावर गेन पायरीपायरीने वाढवावा.

शिट्टी थांबली तरी कपलिंग मात्र होते तसेच राहते, कारण फिल्टर यंत्रणेत अवमंदन घालत नाही. कापताना टेबलाला धक्का बसला, तर मोटर स्थिर धरलेली असूनही भार कपलिंगवर डोलत राहतो. आपल्या उदाहरणात तो साधारण १५० हर्ट्झला डोलेल, आणि मोटरच्या एन्कोडरला त्याचा जेमतेम पत्ता लागेल. कामाच्या पृष्ठभागावर लाटा दिसत असतील, तर खाच आणखी खोल करून उपयोग नाही. तिथे अधिक ताठ कपलिंग बसवावे लागते, आणि लाटा धक्क्याऐवजी वेगाच्या बदलातून येत असतील, तर तो बदल सौम्य करावा लागतो.