२३० व्होल्टच्या सर्किटमध्ये ७२२ व्होल्ट

१० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ हेन्रीची कॉइल एकसरीत जोडून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा एसी पुरवठा दिला, तर कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स ३१.४ ओहम येतो. एकूण अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, मात्र ४१.४ नव्हे, ३३ ओहमच भरतो. कारण कॉइलवरचा व्होल्टेज करंटच्या पाव आवर्तन पुढे असतो. म्हणून साधी बेरीज चालत नाही, दोघांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते. करंट सुमारे ७ अँपिअर.

आता त्याच ओळीत १०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. त्याचाही रिअ‍ॅक्टन्स ३१.४ ओहमच, पण त्याचा व्होल्टेज करंटच्या पाव आवर्तन मागे. दोन्ही व्होल्टेज एकमेकांना पुरते खोडतात. हाच रेझोनन्स. अडथळा उरतो फक्त १० ओहम, आणि करंट उसळतो २३ अँपिअरवर.

खरा धोका पुढे आहे. २३ गुणिले ३१.४, म्हणजे कपॅसिटरवर एकट्याने ७२२ व्होल्ट! पुरवठ्याच्या टोकांवर मीटर लावला तर तो २३०च दाखवतो. म्हणून मीटर प्रत्येक घटकावर स्वतंत्र लावावा. पंख्यासाठीचा ४४० व्होल्टचा कपॅसिटर इथे कधीही वापरू नका.