सर्व्हरचा मॅक पत्ता लॅपटॉपला कधीच का कळत नाही?

घरच्या वायफायवर ब्राउझरमध्ये `www.example.com` टाइप करून एंटर दाबले, की लॅपटॉपमधून पहिला प्रश्न कोणता बाहेर पडतो? नेटवर्किंगचा विद्यार्थी चटकन म्हणेल, डीएनएसचा. पण प्रत्यक्षात त्याच्याही आधी एक प्रश्न जाऊ शकतो.

समजा, लॅपटॉपचा आयपी पत्ता 192.168.1.10 आहे, राउटरचा 192.168.1.1, आणि डीएनएसची चौकशीही राउटरकडेच करायची आहे. चौकशीवर राउटरचा आयपी पत्ता आणि डीएनएसचा 53 हा पोर्ट लिहिला जातो. मात्र वायफायवरून ती धाडायला राउटरचा मॅक पत्ता हवा. तो आधीपासून साठवलेला नसेल, तर लॅपटॉप घरातल्या सगळ्या यंत्रांना विचारतो, ‘192.168.1.1 कोण?’ राउटर आपला मॅक पत्ता कळवतो. या विचारपुशीला एआरपी म्हणतात. डीएनएसची चौकशी त्यानंतर निघते.

उत्तरात 203.0.113.80 हा सर्व्हरचा पत्ता आला, असे धरू. सबनेट मास्क 255.255.255.0 असल्याने पहिले तीन आकडे जुळले तरच यंत्र घरातले. इथे ते जुळत नाहीत, म्हणून लॅपटॉप सर्व्हरचा मॅक पत्ता शोधायच्या फंदात पडत नाही. पॅकेट राउटरच्या हवाली करतो.

```
मॅक  : लॅपटॉप -> राउटर
आयपी : 192.168.1.10 -> 203.0.113.80
पोर्ट : 51514 -> 443
```

मॅक पत्ता राउटरचा, पण आयपी पत्ता सर्व्हरचा. राउटर मॅकचे वेष्टन काढून टाकतो आणि पुढच्या टप्प्यासाठी नवे चढवतो. पुढचा प्रत्येक राउटर हेच करतो. घरचा राउटर आणखी एक बदल करतो: पाठवणाऱ्याचा खासगी आयपी पत्ता काढून स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो, गरजेप्रमाणे 51514 हा पोर्टही बदलतो आणि जोडी आपल्या तक्त्यात नोंदवतो. उत्तर आले, की याच नोंदीवरून ते लॅपटॉपकडे वळवले जाते. तिथे 51514 मुळे ते ब्राउझरच्या नेमक्या जोडणीला मिळते. सर्व्हरवर तेच काम 443 करतो: आलेली विनंती वेब सर्व्हरच्या प्रोग्रॅमकडे सोपवतो.

पान उघडले नाही, तर बिघाडही याच थरांनी शोधावा. `arp -a` मध्ये राउटरचा मॅक पत्ता दिसत नसेल, तर अडचण बहुधा घरातच आहे. आयपी पत्त्याला पिंग जातो, पण नाव सापडत नाही, तर डीएनएस तपासावा. `Connection refused` असे लगेच आले, तर पॅकेट बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचले आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. बराच वेळ थांबून `timed out` आले, तर पॅकेट वाटेत हरवले असेल किंवा फायरवॉलने गुपचूप टाकून दिले असेल.