लहानपणचं पुरळ आणि फाइलवरचा लाल शेरा

‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ हा शेरा अमेरिकेत दर शंभरातल्या सुमारे दहा जणांच्या नावापुढे आहे. या लोकांची रीतसर तपासणी केली, की त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना पेनिसिलिन व्यवस्थित चालतं. मग हा शेरा आला कुठून? बहुतेकदा लहानपणी, ताप आणि घसा दुखत असताना दिलेल्या एखाद्या सिरपमुळे. आणि तो तसाच राहिला, कारण पुढे कुणी तो तपासून पाहिलाच नाही.

एक उदाहरण घेऊ. पात्र काल्पनिक असलं, तरी अशी हकिगत दवाखान्यात नेहमी ऐकू येते. मीनल आता छत्तीस वर्षांची आहे. पाचव्या वर्षी तिला ताप आला, घसा लाल झाला. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं. हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं औषध. सहाव्या दिवशी छातीवर आणि पाठीवर लाल, सपाट ठिपके उमटले, थोडी खाज आली. ओठ सुजले नाहीत, धाप लागली नाही. सिरप बंद केलं, तीन-चार दिवसांत ठिपके मावळले. तेव्हापासून आई प्रत्येक डॉक्टरला सांगत आली, “हिला पेनिसिलिन चालत नाही हं.” आता मीनलच्या गर्भाशयातल्या गाठींचं ऑपरेशन ठरलंय आणि तिच्या फाइलवर लाल शाईत तेच वाक्य आहे.

“औषध घेतल्यावर पुरळ आलं, म्हणजे ॲलर्जीच”

लहान मुलांना ताप येतो तो बहुतेक वेळा विषाणूमुळे, आणि अंगावर पुरळ आणणं हा अनेक विषाणूंचा स्वभावच असतो. त्याच आठवड्यात अमॉक्सिसिलिन चालू असेल, तर ठपका औषधावर येतो. काही वेळा विषाणू आणि औषध दोघांचं मिळूनही पुरळ येतं. एप्स्टाइन-बार विषाणूमुळे घसा आणि गाठी सुजलेल्या रुग्णाला अमॉक्सिसिलिन दिलं, तर अंगभर लाली उमटू शकते. तोच रुग्ण बरा झाल्यावर तेच औषध बहुधा निमूट पचवतो.

माँट्रियलच्या मुलांच्या रुग्णालयात हे तपासून पाहिलं गेलं. अमॉक्सिसिलिनची ॲलर्जी असल्याचा संशय असलेल्या 818 मुलांना देखरेखीखाली तेच औषध पुन्हा दिलं. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले: सुमारे 94 टक्के मुलांना काहीही झालं नाही. ज्यांना झालं, त्यांतल्या बहुतेकांना तासाभराच्या आत नव्हे, तर नंतर उशिरा पुरळ आलं.

म्हणून पुरळ कसं होतं आणि कधी आलं, हे विचारावं लागतं. अंगावर गांधी उठल्या, म्हणजे फुगीर, प्रचंड खाजणारे, इथून मावळून तिथे उमटणारे चट्टे आले आणि तेही गोळी घेतल्यावर तासाभरात, तर ॲलर्जीचा संशय बळावतो. त्याबरोबर ओठ-जीभ सुजली, श्वास अडखळला, रक्तदाब घसरला, तर तो ॲनाफिलॅक्सिस. मीनलचे ठिपके पाचवा दिवस उलटल्यावर आले, सपाट होते, आणि एकाच जागी राहून फिके पडत गेले. हे चित्र वेगळं आहे.

“एकदा ॲलर्जी, म्हणजे जन्मभर ॲलर्जी”

समजा, मीनलला खरोखरच तात्काळ येणारी ॲलर्जी होती. तरीही एकतीस वर्षांनंतर ती टिकून असण्याची शक्यता कमी आहे. तात्काळ ॲलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडं औषधाशी संबंध न आल्यास हळूहळू कमी होतात. पाच वर्षांत सुमारे निम्म्या लोकांची आणि दहा वर्षांत सुमारे ऐंशी टक्के लोकांची संवेदनशीलता ओसरते. ‘माझ्या आईला आहे, म्हणून मलाही असणार’ हे तर शेऱ्याचं कारणच होऊ शकत नाही, तरी फाइलींत ते सापडतं.

“पेनिसिलिन नको तर नको, दुसरं औषध देतील”

देतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. ऑपरेशनच्या आधी जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून सर्वसाधारणपणे सेफाझोलिन देतात. फाइलवर पेनिसिलिनचा शेरा दिसला, की अनेक ठिकाणी त्याऐवजी क्लिंडामायसिन किंवा व्हँकोमायसिन दिलं जातं. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात 8,000 हून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला. त्यात सांधेबदल, गर्भाशय काढणं, मोठं आतडं आणि हृदयाची बायपास या शस्त्रक्रिया होत्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शेरा असलेल्या रुग्णांमध्ये जखमेच्या संसर्गाची शक्यता सुमारे दीडपट निघाली. कारण शेऱ्यापायी दिलेलं पर्यायी औषध होतं.

गंमत अशी, की सेफाझोलिनची रेणूरचना पेनिसिलिनपेक्षा इतकी वेगळी आहे, की पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्यांनाही ते बहुधा चालतं. तरी लाल अक्षरं पाहून भूलतज्ज्ञ हात आखडता घेतात, आणि त्यांना दोष देणंही अवघड आहे.

“इंजेक्शनआधी टेस्ट डोस देतात, तीच ॲलर्जीची तपासणी”

आपल्याकडे हा गैरसमज घट्ट रुजलाय. हातावर औषधाचा थेंबभर फुगा टोचायचा, थोडा वेळ थांबायचं, लाल झालं तर ‘रिॲक्शन आली’ म्हणायचं. यात औषध किती पातळ केलं, याचं प्रमाण बहुधा ठरलेलं नसतं. तीव्र द्रावणाने निरोगी त्वचाही चिडते. रीतसर त्वचाचाचणीत शेजारीच दोन टोचे असतात. एक साध्या सलाइनचा, तो उठता कामा नये. दुसरा हिस्टामिनचा, तो उठलाच पाहिजे. तो उठला नाही, तर रुग्णाने अलीकडेच सर्दी-ॲलर्जीची गोळी घेतली असणार, आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही. म्हणूनच अशा गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात. चाचणीसाठी पेनिसिलिनपासून शरीरात तयार होणाऱ्या घटकांची खास द्रावणंही लागतात, आणि ती सगळीकडे मिळत नाहीत.

आता महत्त्वाचा प्रश्न. मीनलसारख्या रुग्णाला त्वचाचाचणीची गरज आहे का? आधी तिचा धोका मोजावा लागेल. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘पेन-फास्ट’ ही छोटी गुणपत्रिका वापरतात. गेल्या पाच वर्षांत त्रास झाला असेल, तर 2 गुण. ॲनाफिलॅक्सिस, चेहऱ्या-ओठांची सूज किंवा त्वचेची गंभीर प्रतिक्रिया झाली असेल, तर 2 गुण. त्रासासाठी उपचार लागले असतील किंवा लागले की नाही हे माहीत नसेल, तर 1 गुण. मीनलचे पहिले दोन्ही शून्य. तिसऱ्यावर आई म्हणते, “काहीतरी लावायला दिलं होतं, इंजेक्शन दिलं का ते आठवत नाही.” तेव्हा 1 गुण धरायचा. एकूण 1. तीनपेक्षा कमी गुण म्हणजे कमी धोका. अशा दर शंभरांत खरी ॲलर्जी असलेले पाचच्या आसपास निघतात.

अशा कमी धोक्याच्या प्रौढांना आधी टोचावं की थेट गोळी द्यावी, हे ‘पॅलेस’ नावाच्या चाचणीत पडताळलं गेलं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेतल्या केंद्रांत 382 प्रौढांचे दोन गट केले. एका गटाला थेट तोंडावाटे पेनिसिलिन दिलं, दुसऱ्याला आधी त्वचाचाचणी आणि मग औषध. 2023 च्या अहवालानुसार दोन्ही गटांत एकेकाच रुग्णाला ॲलर्जीची प्रतिक्रिया आली, आणि गंभीर घटना एकही घडली नाही. थोडक्यात, टोचण्याने सुरक्षिततेत भर पडली नाही. ज्यांचे गुण तीन किंवा अधिक आहेत, त्यांच्यासाठी मात्र आधी ॲलर्जीतज्ज्ञ आणि त्वचाचाचणी हाच रस्ता.

मीनलची तपासणी अशी होईल. ती सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या थांबवून, अंगात ताप नसताना येईल. दमा असेल, तर तो आटोक्यात हवा. खोलीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, ऑक्सिजन, सलाइन आणि ते वापरता येणारं माणूस तयार असेल. रक्तदाब, नाडी मोजून तिला 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल देतील. डॉक्टरांना सावध राहायचं असेल, तर आधी दहावा हिस्सा, अर्ध्या तासाने उरलेलं. शेवटच्या मात्रेनंतर किमान एक तास ती तिथेच बसेल. खाज, गांधी, घशात आवळल्यासारखं, पोटात कळ, चक्कर यांपैकी काही वाटलं, तर लगेच सांगायचं. भीतीमुळेही घाम फुटतो, छाती धडधडते. अंगावर काही दिसतंय का आणि रक्तदाब घसरलाय का, यावरून फरक कळतो.

यातला कुठलाही भाग घरी करायचा नाही. कपाटातली उरलेली कॅप्सूल घेऊन बघणं म्हणजे चाचणी नव्हे.

तासाभरात काही झालं नाही, म्हणजे जिवावर बेतणारी तात्काळ ॲलर्जी नाही. मात्र उशिरा येणारं पुरळ एका मात्रेने कळेलच असं नाही, म्हणून पुढचे चार-पाच दिवस अंगाकडे लक्ष ठेवून, काही उमटलं तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा. असं पुरळ क्वचित आलंच, तर ते बहुधा सौम्य असतं. काही केंद्रं त्यासाठी तीन ते पाच दिवसांचा कोर्स देऊन पाहतात. ते सर्वांसाठी गरजेचं आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मला विचाराल, तर सौम्य पुरळाच्या धास्तीपायी सगळ्यांना पाच दिवस अँटिबायोटिक देणं फारसं पटत नाही.

काही जणांना मात्र औषध पुन्हा देऊन पाहायचं नसतं, कितीही वर्षं लोटली तरी. त्या वेळी कातडी भाजल्यासारखी सोलली, तोंडात-डोळ्यांत फोड आले, पुरळाबरोबर यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं, रक्तपेशी फुटून पंडुरोग झाला, अशा इतिहासाच्या लोकांचा शेरा खरा मानून तसाच ठेवतात. जुनी हकिगत विचारताना म्हणूनच घाई चालत नाही: किती दिवस दाखल होती, तोंडात व्रण होते का, कातडी निघाली का, हे आईला नेमकं विचारावं.

आणखी एक प्रश्न आधीच विचारावा, तो सगळ्यात स्वस्त. त्यानंतर कधी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची गोळी घेतलीय का? दात काढल्यावर किंवा सायनस दुखल्यावर ती सर्रास देतात, आणि नावात ‘पेनिसिलिन’ नसल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या चिठ्ठ्यांत ती सापडली आणि कोर्स विनात्रास पार पडला असेल, तर चाचणीची बहुधा गरजच उरत नाही. डॉक्टर तेवढ्यावर शेरा काढू शकतात.

चाचणी पार पडल्यावरही एक काम उरतं. निकाल फक्त तपासणाऱ्या डॉक्टरच्या कागदावर राहिला, तर पुढच्या रुग्णालयात आई सवयीने पुन्हा तेच वाक्य सांगते आणि शेरा परत येतो. म्हणून मीनलने लेखी पत्र मागून घ्यावं: कोणत्या तारखेला, कोणतं औषध, किती मात्रा, किती वेळ देखरेख, निकाल काय. त्याची प्रत सर्जन, भूलतज्ज्ञ, दंतवैद्य आणि घरच्या डॉक्टरांकडे द्यावी, आणि आईलाही ते पत्र वाचून दाखवावं.