विमानात हरवलेला मंगळवार

मंगळवारी मुंबईच्या वेळेने रात्री ९ वाजता, टोकियोच्या विमानात, मी ॲपवर जपानीचा धडा नेटशिवाय पूर्ण केला. उतरल्यावर फोनला नेट मिळालं आणि २१२ दिवसांची स्ट्रीक शून्यावर! धडा शाबूत होता, वारच बदलला होता. फोनने वेळ यूटीसीत पाठवली, दुपारचे ३:३०. ॲपने तारीख मात्र नव्या टाइमझोनने काढली, आणि टोकियोत तेव्हा बुधवार लागून रात्रीचे १२:३० वाजले होते. सोमवार मुंबईच्या तारखेने आधीच नोंदलेला, म्हणून मंगळवार कोरा.

घड्याळ मागे फिरवायचा मोह झाला, पण पोचलेली नोंद त्याने बदलत नाही. स्क्रीनशॉट, धड्याची वेळ आणि दोन्ही टाइमझोन मदत विभागाला कळवले. तिसऱ्या दिवशी स्ट्रीक जोडून मिळाली. परतीचा दिवस मात्र साडेतीन तासांनी लांबला.